टेबलावर चालतं, भिंतीवर लावलं की बंद: ईएसपी३२ बोर्डच्या या चुका टाळा

इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी आलं की हौदातून वरच्या टाकीत चढवावं लागतं, म्हणून पंप आपोआप चालू-बंद करणारे वाय-फाय बोर्ड इथे बरेच जण घरीच बनवतात. राजेंद्र नगरातल्या एका काकांचा असाच ईएसपी३२ बोर्ड तपासायला आला. तक्रार एकच: "लॅपटॉपला लावलं की मस्त चालतं, पंपाच्या डब्यात बसवलं की उठतच नाही."

अशा वेळी प्रोग्राममध्ये हात घालू नका. डब्यातली जोडणी आहे तशीच ठेवून सिरियल मॉनिटर ११५२०० बॉडवर उघडा आणि चिप पहिल्यांदा काय बोलते ते वाचा. काकांच्या बोर्डवर हे पुन्हा पुन्हा येत होतं:

```
rst:0x10 (RTCWDT_RTC_RESET),boot:0x33 (SPI_FAST_FLASH_BOOT)
flash read err, 1000
```

फ्लॅश वाचता येत नाही असं दिसलं की लोक मॉड्यूलच बदलून टाकतात. खरी खूण `0x33` या आकड्यात आहे. रीसेट सुटताना चिप काही ठराविक पिनांची पातळी टिपून ठेवते, त्या म्हणजे स्ट्रॅपिंग पिना, आणि तीच नोंद इथे छापली जाते. निरोगी बोर्डवर बहुधा `0x13` दिसतं. दोन्हींतला फरक `0x20`, म्हणजे पिन १२ ची पातळी वर गेलेली आहे.

पिन १२ ने फ्लॅशचा व्होल्टेज ठरतो. ती खाली असेल तर फ्लॅशला ३.३ व्होल्ट मिळतात, वर असेल तर १.८. नेहमीच्या मॉड्यूलमधला फ्लॅश ३.३ व्होल्टचा असतो, १.८ वर तो वाचला जात नाही. मग चिप अडकल्याचं पाहून वॉचडॉग टायमर तिला रीसेट करतो आणि हेच चक्र फिरत राहतं.

पिन १२ ची पातळी वर कोणी नेली? काकांनी तिथे रिले मॉड्यूलचा इनपुट जोडला होता. इनपुट खाली ओढल्यावर रिले लागणारं हे मॉड्यूल. त्यात ५ व्होल्टपासून रेझिस्टर आणि ऑप्टोकपलरच्या एलईडीमधून थेट इनपुटपर्यंत वाट असते. पिन खाली धरणारा चिपच्या आतला पुल-डाउन रेझिस्टर साधारण ४५ किलोओहमचा, म्हणजे दुबळा. मीटरवर पिनेला २.७ व्होल्ट दिसले, आणि चिप साधारण अडीच व्होल्टच्या वर गेलेली पिन 'वर' धरते. टेबलावर रिलेला ५ व्होल्टच नव्हते, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालायचं.

बाहेरून १० किलोओहमचा पुल-डाउन लावून हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. पिन दोनेक व्होल्टवर येते, म्हणजे ना धड वर ना खाली. मग बोर्ड कधी उठतो, कधी नाही. असं कधीतरी चालणारं काम पंपावर नकोच. रिलेची वायर २६ किंवा २७ नंबरच्या पिनेवर न्या आणि प्रोग्राममध्ये नंबर बदला. काकांची वायर २६ वर नेताच `0x13` आलं. फ्लॅशचा व्होल्टेज चिपमधला ईफ्यूज जाळून कायमचा पक्का करता येतो, पण ते परत फिरवता येत नाही. वायर हलवता येत असताना तो मार्ग मी धरणार नाही.

`waiting for download` दिसलं तर पिन ० खाली राहिली आहे. बटण अडकलंय का आणि त्या पिनेवर कोणी मोठा कपॅसिटर तर लावला नाही ना, एवढं पाहा.

मॉनिटरवर काहीच येत नसेल आणि रीसेट दाबल्यावर बोर्ड उठत असेल, तर मात्र दोष चिप चालू करणाऱ्या ईएन पिनेच्या सर्किटमध्ये शोधा. तयार डेव्हलपमेंट बोर्डवर ते सर्किट असतं. नुसतं मॉड्यूल स्वतःच्या पीसीबीवर बसवणारे तिथे चुकतात, कारण ईएनला चिपच्या आत पुल-अप नाही. ती मोकळी सोडू नका, आणि थेट ३.३ ला जोडाल तर ती पुरवठ्याबरोबरच वर जाईल. पुरवठा आधी स्थिरावला पाहिजे, ईएन त्यानंतर वर गेली पाहिजे. त्यासाठी ३.३ व्होल्टपासून ईएनला १० किलोओहम आणि ईएनपासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड लावा. यातून सुमारे १० मिलिसेकंदांची सवड मिळते. कपॅसिटर मॉड्यूलच्या जवळच बसवा.

पुरवठा हळू चढत असेल, किंवा लाइट क्षणभर जाऊन लगेच येत असेल, तर ही जोडीही अपुरी पडते. व्होल्टेज अर्धवट उतरतो, कपॅसिटर पुरता रिकामा होत नाही, ईएन ०.६ व्होल्टच्या खाली येतच नाही आणि चिपला नीट रीसेट मिळत नाही. कपॅसिटर मोठा केला तर तो रिकामा व्हायला आणखी वेळ लागतो. अशा जागी ३ व्होल्टच्या आसपास उंबरठा असलेली रीसेट सुपरवायझर आयसी ईएनवर लावा: पुरवठा त्याखाली गेला की ती ईएन स्वतः खाली धरते आणि पुरवठा सावरल्यावरच सोडते.