चिकनमध्ये भरलेलं पाणी कसं ओळखावं

पाकिटाच्या तळाशी पाणी दिसलं की चिकनमध्ये पाणी भरलंय, हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. मीही कित्येक वर्षं तसंच करत होतो. कोरडं, गच्च, तुकतुकीत दिसणारं पाकीट उचलायचो आणि स्वतःला शहाणा समजायचो. पुढे कळलं की मीठपाणी टोचलेलं चिकनच असं कोरडं दिसतं. त्या पाण्यात फॉस्फेट असतं आणि फॉस्फेटमुळे मांसातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात. उलट साधं चिकन गोठवून पुन्हा वितळलं किंवा गार पाण्याच्या टाकीतून काढलं, तरी थोडं पाणी सोडतंच. थोडक्यात, तळाचं पाणी म्हणजे निसटलेलं पाणी. आपल्याला शोधायचंय ते अजून आत बसलेलं.

१. घटकांची यादी वाचा. निव्वळ चिकन असेल तर यादीत चिकनशिवाय काही नसतं. पाणी, मीठ, सोडियम फॉस्फेट किंवा E450, E451, E452 हे फॉस्फेटचेच क्रमांक दिसले की ते टोचलेलं आहे. ‘रसदार’, ‘मुलायम’ असली विशेषणं वाचण्यात वेळ घालवू नका.

२. पोषणाचा तक्ता वाचा. खरी मेख इथे आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडून देतात.

दोनच आकडे बघायचे, दोन्ही १०० ग्रॅममागचे: प्रथिनं आणि सोडियम. कच्च्या, बिनकातडीच्या ब्रेस्टमध्ये साधारण २२ ते २३ ग्रॅम प्रथिनं असतात आणि सोडियम ५० ते ७५ मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी भरलं की प्रथिनं पातळ होतात, आणि पाण्यासोबत मीठ आत गेल्याने सोडियम वर चढतं. एक आकडा खाली आणि दुसरा वर, अशी जोडी दिसली की समजायचं.

समजा एक किलोच्या पाकिटावर प्रथिनं १७.५ ग्रॅम आणि सोडियम ३२० मिलिग्रॅम लिहिलंय. १७.५ ला २२.५ ने भागा, उत्तर येतं ०.७८. म्हणजे किलोभर पाकिटात चिकन ७८० ग्रॅम आणि उरलेलं २२० ग्रॅम मीठपाणी. आता पडताळा घ्या. चिकनचं स्वतःचं सोडियम वजा केलं तर वरून आलेलं सुमारे २७० मिलिग्रॅम उरतं, आणि मीठ सोडियमच्या अडीचपट धरायचं, म्हणजे १०० ग्रॅममागे पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर मीठ. बावीस ग्रॅम पाण्यात एवढं मीठ म्हणजे तीनेक टक्क्यांचं मीठपाणी, आणि टोचायला साधारण तसंच वापरतात. दोन्ही हिशेब जुळले. एक-दीड ग्रॅमचा फरक मात्र धरू नका, पक्ष्यापक्ष्यांत तेवढा असतोच. आणि लेग पीसला हा हिशेब लावूच नका, तिथे प्रथिनं मुळातच कमी असतात. मी एकदा लावला आणि दुकानदाराशी उगाच वाद घालून बसलो.

या हिशेबाला एक पळवाट आहे. पाणी धरून ठेवायला कधी कधी बाहेरची प्रथिनंही टोचतात, मग प्रथिनांचा आकडा फुगतो. २००३ साली ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये गुरांच्या प्रथिनांचे अंश सापडले होते, ते यातूनच. म्हणून यादीत ‘हायड्रोलाइज्ड प्रथिनं’ किंवा ‘कोलॅजन’ दिसलं तर प्रथिनांचा आकडा सोडून द्या आणि सोडियमवर भरवसा ठेवा.

३. शंका उरली तर तव्यावर टाका. एक तुकडा मीठ, तेल, मसाला काही न लावता कोरड्या तव्यावर पूर्ण शिजवा आणि चाखा. साधं चिकन अळणी लागेल. खारट लागलं, चावताना रबरासारखं उसळलं, तर मीठपाणी आणि फॉस्फेटच. किती पाणी सुटलं याची मोजदाद करत बसू नका. साधं चिकनही शिजताना पाव वजन सहज गमावतं.

४. सुट्या चिकनला लेबल नसतं. पण तिथे सहसा फॉस्फेट नसतं, नुसतं पाणी असतं, ते बुडवून किंवा सिरिंजने घातलेलं. नुसतं पाणी फार काळ टिकत नाही. कातडीखाली, मांडीच्या आणि छातीच्या जोडाशी बोटाने दाबून बघा. पाण्याचा फुगा लागतो आणि दाबलं की सरकतो. कातडी काढताना धार लागली तर विचारायची गरजच नाही. पक्षी समोर कापून घ्या आणि तुकडे चाळणीत पाच-दहा मिनिटं निथळल्यावरच काट्यावर ठेवायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. घाईत थेट पाण्याच्या बादलीतून काढून काट्यावर टाकत असेल, तर तिथून निघा.