८:३० म्हणजे ८.३० नाही! टाइमशीटवरून पगार काढताना या चुका टाळा

सातपूर-अंबडकडच्या छोट्या वर्कशॉपचे हिशोब मी बघतो, आणि महिन्यात एकदा तरी कुणीतरी टाइमशीट पुढे सरकवून म्हणतं, "जरा बघा ना, माणूस म्हणतोय पैसे कमी आले." मी आता शीट नीट वाचायच्या आधीच विचारतो, तास-मिनिटांच्या मधे काय टाकलंय, कोलन की पॉइंट? दहातल्या नऊ वेळा पॉइंट असतो.

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच. ८ तास ३० मिनिटं झाली की पोरं सरळ 8.30 टाइप करतात आणि त्याला ताशी रेटने गुणतात. अरे बाबा, तासात मिनिटं साठ असतात, शंभर नाही. अर्धा तास म्हणजे ०.५, म्हणून साडेआठ तासाचे ८.५० झाले पाहिजेत. मिनिटं भागिले ६०, बास, एवढंच आहे.

अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडचा किस्सा सांगतो. तिथे एक वेल्डर मामा आहेत, रेट ताशी ९० रुपये, आणि ते रोजची येण्या-जाण्याची वेळ खिशातल्या डायरीत लिहून ठेवतात. त्यांचा आठवडा असा होता: ८:३०, ८:४५, ९:१५, ८:२०, ८:५०, ७:४०. मामांचं म्हणणं एक्कावन्न तासाच्या वर काम झालं, आणि ऑफिसातल्या पोराच्या शीटवर बेरीज आली बरोब्बर 50.00. इतका गुळगुळीत आकडा बघून मालकालाही वाटलं की हेच खरं, मामा डायरीत काहीतरी गडबड करतायत. पोरगं तर छाती काढून म्हणालं, "सर, एक्सेलनं केलंय, चुकेल कसं?"

मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर तास वेगळे मांडले, मिनिटं वेगळी. तास झाले ४८. मिनिटं ३०, ४५, १५, २०, ५० आणि ४० मिळून २००, म्हणजे ३ तास २० मिनिटं. एकूण ५१ तास २० मिनिटं, डेसिमलमध्ये ५१.३३, आणि ९० च्या रेटने ४६२० रुपये. शीटवर होते ४५००. म्हणजे एका माणसाचे एका आठवड्यात १२० रुपये गायब, आणि शॉपमधल्या सगळ्यांची शीट त्याच पोराने त्याच पद्धतीने भरलेली!

यात बघण्यासारखी गोष्ट अशी की ही चूक कधीच दोन्हीकडे झुकत नाही. ३० मिनिटांचे ०.५० ऐवजी ०.३० धरले, १५ मिनिटांचे ०.२५ ऐवजी ०.१५ धरले, कुठलाही आकडा घ्या, मिनिटांच्या भागातला ४० टक्के वेळ उडतो. दरवेळी कामगाराचाच उडतो. म्हणून मालकाच्या लक्षात येत नाही आणि कामगाराच्या येतं, आणि म्हणून "माणसं उगाच कटकट करतात" असं म्हणायच्या आधी स्वतःची शीट बघावी. ओव्हरटाइम असेल तर अजूनच वाईट, कारण तिथे तास थोडे आणि मिनिटं जास्त असतात. १ तास ४० मिनिटांचे १.४० धरले तर खरे १.६७ होते, आणि रेट डबल असेल तर तोटाही डबल.

माझी सवय विचाराल तर मी आजही तास आणि मिनिटं वेगळ्या कॉलममध्ये भरतो. शेवटी दोन्हींची बेरीज, आणि एकूण मिनिटांना एकदाच ६० ने भागायचं. पोरं म्हणतात हे जुनाट आहे, एखादं ॲप सांगा. ॲप सांगून काय उपयोग, त्यातही तुम्ही 8.30 च टाकणार!

राउंडिंगसुद्धा रोज करू नका, शेवटी एकदाच. रोज ८.३३, ८.८३ असं केलं तर वरच्याच हिशोबात ४६२० चे ४६१९.७० होतात, पैसे किरकोळ आहेत पण मग टोटल जुळत नाही म्हणून संध्याकाळ जाते.

आधीच महिनाभर पॉइंटने भरून ठेवलंय? मग सगळं परत टाइप करायची गरज नाही, हा फॉर्म्युला चालतो:

```
=INT(A2)+(A2-INT(A2))*100/60
```

पण घाई करू नका, कारण दुसरी मोठी चूक इथेच होते. एका ठिकाणी पंचिंग मशीनचा रिपोर्ट आधीच डेसिमलमध्ये यायचा, 8.75 म्हणजे पावणेनऊ तास. तिथल्या नवीन पोराने कुठूनतरी हा फॉर्म्युला उचलून सगळ्या कॉलमला लावला आणि पावणेनऊचे सव्वानऊ झाले. रोजचा अर्धा तास फुकट, आणि यावेळी अर्थातच कोणी कामगार तक्रार करायला आला नाही. म्हणून आधी कॉलम वरपासून खालपर्यंत बघायचा. पॉइंटच्या पुढे कुठेही ६० किंवा त्याच्या वरचा आकडा दिसला, .75, .83 असा, तर तो डेसिमल आहे, त्याला हात लावायचा नाही. पूर्ण महिन्यात एकही दिसला नाही तर ती बहुधा मिनिटं आहेत. आणि 8.5 असं नुसतं दिसलं तर भरणाऱ्यालाच विचारायचं, कारण ते साडेआठ असू शकतं, आठ पन्नास असू शकतं, आठ पाचसुद्धा असू शकतं (हो, लोक लिहितात तसं).

जेवणाची सुट्टी वजा करतानाही तेच. ८.७५ तासातून अर्ध्या तासाचे ०.३० वजा केले की ८.४५ येतात आणि दिसायला अगदी ठीक दिसतात, खरे ८.२५ आहेत.

आता जे शहाणे कोलन टाकून 8:30 भरतात त्यांचं. एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा भाग समजतं, त्यामुळे सरळ ९० ने गुणलं तर ७६५ च्या जागी ३१.८८ येतात. पगार असा हास्यास्पद कमी दिसला की समजायचं २४ ने गुणायचं राहिलंय. गुणल्यावर सेलचा फॉरमॅट नंबर करा, नाहीतर तिथे परत काहीतरी घड्याळाची वेळ दिसत बसेल. रात्रपाळीत सुटायची वेळ यायच्या वेळेपेक्षा लहान असते, नुसती वजाबाकी केली की #### येतं, तिथे MOD लावा. A2 मध्ये येण्याची, B2 मध्ये जाण्याची वेळ:

```
=MOD(B2-A2,1)*24
```

आणि आठवड्याची बेरीज ५१:२० ऐवजी 3:20 दिसली तर घाबरून शीट डिलीट करू नका, एकाने खरंच केली होती. आत आकडा बरोबरच असतो, फक्त दाखवताना एक्सेल पूर्ण झालेले दोन दिवस, म्हणजे ४८ तास, सोडून देतं. सेलचा फॉरमॅट `[h]:mm` करा, ५१:२० दिसेल.