विज्ञानाच्या तासाला दोन शिक्षक: या चुका टाळा

इंदूरच्या एका शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवतेय. हल्ली एका तासाला दोन शिक्षक देण्याची टूम आलीय. टूम वाईट नाही. पण नवे शिक्षक येतात ते मोबाइलवर आलेला तयार तक्ता घेऊन. डावीकडे ‘शिक्षक १’, उजवीकडे ‘शिक्षक २’, आणि दोघांच्याही खाली लिहिलेलं असतं ‘गटांना मदत करणे’. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सातवीचा लंबकाचा तास घ्या. एक मीटर दोरी, खाली गोळी, आणि २० झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा. ३६ मुलं, चौघांचा एक याप्रमाणे नऊ गट. चौघांचा गट ही आमच्या भागात रुळलेली सवय आहे. १९७२ पासून २००२ पर्यंत चाललेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमातही चौघांचीच टोली असायची. पाचवं मूल नुसतं बघत बसतं, म्हणून मीही चारच घेते.

पहिली चूक, आणि ही मी स्वतः केलेली: दोघांनी फिरायचं, पण कुणी काय बघायचं हे ठरवायचंच नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर एक तरुण सर होते. दोघंही सारखे फिरत होतो, घाम निघाला. नंतर लक्षात आलं की दोघंही दाराजवळच्या त्याच दोन गलका करणाऱ्या गटांपाशी घुटमळत होतो. खिडकीजवळचा पाचवा गट शांत होता, म्हणून ‘त्यांचं चाललंय’ असं दोघांनीही गृहीत धरलं.

फळ्यावर आकडे आले: ४०.२, ३९.८, ३८.१, ४०.५, २०.३, ४०.०, ३८.२, ४०.४, ३९.९. पाचव्या गटातला मुलगा खूश होऊन म्हणाला, “मैम, हमारा सबसे फास्ट!” आणि मी काय केलं? नऊही आकड्यांची सरासरी काढली. ३७.५. भागिले २०, म्हणजे एका झोक्याला १.८७ सेकंद. एक मीटरच्या लंबकाला जवळपास २ सेकंद लागतात हे मला पाठ, तरी तास संपत आलेला, म्हणून ‘मोजण्यात थोडा फरक पडतोच’ असं म्हणून मी फळा पुसला.

थोडा फरक नव्हता तो. २०.३ वाल्यांनी नुसतं जाणं हाच एक झोका धरला होता, परत येणं मोजलंच नव्हतं. ३८ वाल्या दोन गटांनी गोळी सोडतानाच ‘एक’ म्हटलं होतं, म्हणजे त्यांचे झोके १९च झाले. हे तीन आकडे बाजूला काढले तर उरलेल्या सहांची सरासरी ४०.१ येते, एका झोक्याला २ सेकंद. आकडाच सांगत होता कुणाचं काय चुकलंय. फक्त मोजणी चालू असताना ते डोळ्यांनी पाहणारं कुणी नव्हतं.

तेव्हापासून फिरणारा एकच. दुसरा फळ्यापाशी, त्याने जागा सोडायची नाही. फिरणाऱ्याच्या हातात पाठकोऱ्या कागदाचा कपटा, त्यावर नऊ चौकोन. पहिल्या फेरीत तोंड उघडायचं नाही. एका गटापाशी पंचवीसेक सेकंद, म्हणजे चार मिनिटांत सगळी फेरी होते, आणि सुरुवात सगळ्यात शांत गटापासून. चौकोनात एकच खूण: ‘१’ म्हणजे सोडतानाच एक म्हटलं, ‘अ’ म्हणजे अर्धा झोका पूर्ण धरला, ‘ल’ म्हणजे दोरी गोळीच्या मध्यापर्यंत न मोजता गाठीपर्यंतच मोजली. बरोबर असेल तर टिंब. दुसऱ्या फेरीत बोलायची मुभा, पण एवढंच: “एक झोका कुठून कुठपर्यंत, बोटाने दाखव.” दाखवता दाखवता निम्म्या मुलांना आपली चूक आपणच सापडते. ज्यांना सापडत नाही त्यांचा चुकीचा आकडा तसाच राहू द्यायचा, फळ्यावर लागतो तो.

पंचविसाव्या मिनिटाला कपटा फळ्यापाशी जातो. मग तिथला शिक्षक आधी ‘अ’ वाल्यांना बोलावतो, नंतर ‘१’ वाल्यांना, टिंबवाल्यांना शेवटी. हुशार गटाला आधी उभं केलंत तर बाकीचे गुपचूप आपला आकडा खोडतात. हे मी रबराचा चुरा बघून सांगतेय.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: मदतीच्या नावाखाली उत्तर वाटणं. पुढच्या तासाला त्याच सरांबरोबर प्रश्न घेतला, गोळी जड केली तर वेळ बदलेल का? आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. गोळीऐवजी वायसर दिले होते, आधी एक, मग चार. तिसऱ्या गटाने विचारलं आणि सर प्रेमाने सांगून मोकळे झाले, “वजनाने काही फरक पडत नाही.” पाच मिनिटांत ती बातमी नऊही गटांत. वह्यांत सगळीकडे ४०.०, आधीही आणि नंतरही. हाताने घड्याळ दाबून सलग इतका गुळगुळीत आकडा येत नाही. मुलांनी मोजलंच नव्हतं.

आणि खरी गंमत तर पुढेच होती. बऱ्याच गटांनी चार वायसर दोऱ्याने एकाखाली एक बांधले होते. त्यामुळे वजनाचा मध्य साडेचार सेंटीमीटर खाली जातो, लंबक तेवढा लांब होतो, आणि प्रामाणिकपणे मोजलं तर ४१च्या आसपास येतं. ‘जड केलं तर हळू झालं’ असं एखाद्या गटाने ठासून सांगितलं असतं, दुसऱ्याने चारही वायसर एकावर एक चिकटवून ४०च आणलं असतं, आणि भांडण जुंपलं असतं. तो तास ते भांडण व्हावं म्हणूनच होता. स्टाफरूममध्ये सर म्हणाले, “ताई, मुलं अडली होती हो.” म्हटलं, “अहो सर, अडू दे की! अडायलाच तर दिलं होतं.”

याचीच धाकटी बहीण म्हणजे मधे तोंड घालणं. फळ्यावरून प्रश्न गेला, वर्ग शांत, आणि मागून दुसऱ्या शिक्षकाला ती शांतता सोसत नाही, तो प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात. एकटं असताना तेवढं थांबणंच अवघड, दोघं असले की धीर दुप्पट लवकर सुटतो. माझा नियम: प्रश्न ज्याचा, शांतताही त्याची. दुसऱ्याने तेवढा वेळ खिडकीबाहेर बघावं.

उरलेल्या चुका थोडक्यात. मुलांसमोर एकमेकांची चूक काढू नका, चिठ्ठी द्या. दुसऱ्या शिक्षकाला ‘चूप बैठो’ म्हणणारा हवालदार करू नका. तासाच्या मधेच भूमिका बदलू नका, पुढच्या तासाला बदला. आणि आदल्या दिवशी दोघांनी मिळून २० झोके स्वतः मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ‘मला माहितीय हो ते’ म्हणून जे टाळतात, तेच दुसऱ्या दिवशी गोळी सोडताना ‘एक’ म्हणतात. ते तरुण सरही म्हणाले होते. मीही.