पैसा पन्नास लाख, प्रकल्प पंचाण्णव लाखांचे: निवड करताना या चुका टाळा

पिंपरी-चिंचवडमधला वाहनांचे सुटे भाग करणारा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. यंदा नव्या गुंतवणुकीला ५० लाख रुपयेच आहेत. समोरचे पाचही प्रकल्प मात्र फायद्याचे आहेत, म्हणजे प्रत्येकाचं निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही) शून्याच्या वर आहे. एनपीव्ही म्हणजे पुढे येणाऱ्या रकमांच्या आजच्या मूल्यातून सुरुवातीची गुंतवणूक वजा करून उरणारी रक्कम. नफाक्षमता निर्देशांक (पीआय) म्हणजे पुढे येणाऱ्या रकमांच्या आजच्या मूल्याला सुरुवातीच्या गुंतवणुकीने भागून येणारा आकडा. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, सगळे लाखांत.

| प्रकल्प | गुंतवणूक | एनपीव्ही | पीआय |
|---|---|---|---|
| नवं व्हीएमसी मशीन | ४० | १२ | १.३० |
| छतावर सौर वीज | २० | ७ | १.३५ |
| कॉम्प्रेसर व हवेची पाइपलाइन | १५ | ६ | १.४० |
| जुन्या लेथला सीएनसी | १५ | ४.२ | १.२८ |
| तपासणीची उपकरणं | ५ | २.५ | १.५० |

पहिली चूक: सर्वांत मोठा एनपीव्ही उचलणं. व्हीएमसीचे १२ लाख डोळ्यांत भरतात. पण ते घेतलं की हातात १० लाख उरतात आणि त्यांत फक्त तपासणीची उपकरणं बसतात. एकूण एनपीव्ही १४.५ लाख. पैसा मोजका असला की एकट्या प्रकल्पाचा फायदा किती, यापेक्षा गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे फायदा किती, हे आधी पाहावं लागतं. पीआय तेच सांगतो.

दुसरी चूक मला सगळ्यांत जास्त दिसते, आणि ती पीआय शिकलेलेच करतात. ते निर्देशांकाच्या उतरत्या क्रमाने खाली येत जातात: उपकरणं, कॉम्प्रेसर, सौर. ४० लाख संपले, १० उरले. पुढच्या व्हीएमसीला ४० लागतात आणि लेथला १५, म्हणून तिथेच थांबले. एकूण १५.५ लाख. आता उपकरणं वगळा आणि कॉम्प्रेसर, सौर व लेथ घ्या. पुरे ५० लाख लागतात आणि एनपीव्ही १७.२ लाख होतो. म्हणजे सर्वांत वरचा पीआय असलेला प्रकल्प बाहेर ठेवून निवड सुधारली! कारण साधं आहे. पीआयचा क्रम अचूक ठरतो तो प्रकल्प हवा तेवढाच घेता येत असेल तेव्हा. पाव व्हीएमसी किंवा दोन-तृतीयांश लेथ रेट्रोफिट कोणी करून देत नाही. चूक झाली आहे का, हे ओळखायची खूण म्हणजे यादीच्या शेवटी उरलेली मोठी रक्कम. ती दिसली की प्रकल्पांचे वेगवेगळे संच करून पाहा. पाच प्रकल्पांचे असे संच ३२च होतात. प्रकल्प जास्त असतील तर एक्सेलमध्ये प्रत्येकासमोर ० किंवा १ चा रकाना ठेवून सॉल्व्हरला `bin` ही अट द्यावी. अर्थात दोन पर्याय एकमेकांच्या जागी येणारे असतील, तर दोघांपैकी एकच १ असू शकतो, ही अटही घालावी लागते.

तिसरी चूक आकडेमोडीतच दडते. एक्सेलचं `NPV` फंक्शन पहिली रक्कम वर्षाच्या शेवटी आली असं धरतं. सुरुवातीची गुंतवणूक त्याच्या कंसात टाकली की सगळाच हिशेब एक वर्ष पुढे ढकलला जातो. गुंतवणूक B2 मध्ये वजा चिन्हासह आणि पाच वर्षांच्या रकमा C2 ते G2 मध्ये असतील, तर १२ टक्क्यांनी पीआय असा:

```
=NPV(12%,C2:G2)/-B2
```

भाजकात काय जातं, हेही पाहा. तिथे फक्त यंदाच्या ५० लाखांतून जाणारा पैसा हवा; प्रकल्पासाठी आत्ताच अडकणारं खेळतं भांडवल त्यात धरायचं. सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर पुढे कधीतरी बदलावा लागेल. त्या खर्चाचं आजचं मूल्य ३ लाख आहे आणि ते वरच्या आकड्यांत जमेतून वजा केलं आहे, म्हणून २७ भागिले २०, म्हणजे १.३५. तेच ३ लाख कोणी भाजकात टाकले तर ३० भागिले २३, जेमतेम १.३०. फायदा तोच ७ लाख, पण प्रकल्प व्हीएमसीच्या पंगतीला जाऊन बसतो. इन्व्हर्टरचा पैसा यंदाच्या थैलीतून जाणारच नाही, म्हणून पहिली रीत बरोबर.

पुढच्या वर्षीही पैशाला मर्यादा असेल आणि काही प्रकल्प तेव्हा आणखी रक्कम मागणार असतील, तर एकटा पीआय पुरत नाही. तिथे दोन्ही वर्षांच्या मर्यादा एकत्र मांडून सॉल्व्हर चालवावा लागतो.

शेवटची चूक म्हणजे ५० लाखांची रेघ दगडावरची समजणं. ती बँकेने आखली आहे की बोर्डाने, हे विचारा. ५५ लाख मिळाले तर उपकरणंही घेता येतात आणि एनपीव्ही १९.७ लाख होतो. म्हणजे जादा पाच लाखांची किंमत आज अडीच लाख आहे. ते पाच लाख उभे करायला नेहमीच्या भांडवली खर्चापेक्षा जे जास्त व्याज आणि शुल्क पडेल, त्याचं आजचं मूल्य अडीच लाखांच्या आत असेल, तर उपकरणांवर काट मारण्याआधी बँकेच्या मॅनेजरला एक फोन करावा.