डिलिव्हरी डेट काढताना एक्सेल एरर देत नाही, चुकीची तारीख देतं: या चुका टाळा

प्रोजेक्ट कधी सुरू होणार ते माहीत आहे, काम किती वर्किंग डेजचं आहे तेही माहीत आहे, मग डिलिव्हरीची तारीख काढायला काय लागतं, एक `WORKDAY` लावला की झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. अडचण अशी आहे की या फॉर्म्युल्यात घोळ झाला तरी बहुतेक वेळा लाल काही दिसत नाही. सेलमध्ये व्यवस्थित एक तारीख येते, ती तारीख वर्किंग डेच असते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही आणि तीच तारीख क्लायंटला मेलने जाते.

एकच उदाहरण धरून बघू म्हणजे गोंधळ होणार नाही. काम सुरू सोमवार 2 मार्च 2026 ला, काम 15 वर्किंग डेजचं, शनिवार-रविवार सुट्टी, आणि मधे ऑफिसच्या दोन सुट्ट्या, मंगळवार 10 मार्च आणि गुरुवार 19 मार्च. `A2` मधे सुरुवातीची तारीख, `B2` मधे दिवस, आणि सुट्ट्या `E2` पासून खाली.

काही जण सरळ `=A2+B2` करतात, त्याचं उत्तर 17 मार्च, म्हणजे शनिवार-रविवारसुद्धा काम करायचं ठरलेलं दिसतंय! यावर जास्त बोलायची गरज नाही. खरी गंमत पुढे आहे.

पहिला दिवस मोजायचा की नाही

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. हा फॉर्म्युला बघा:

```
=WORKDAY(A2,B2,$E$2:$E$40)
```

उत्तर येतं बुधवार 25 मार्च. आता कॅलेंडर घेऊन बोटाने मोजा. 2 ते 6 मार्च पाच दिवस झाले, मग 9, 11, 12, 13 म्हणजे नऊ, मग 16, 17, 18 आणि 20 म्हणजे तेरा, मग 23 ला चौदा आणि 24 ला पंधरा. काम मंगळवारी 24 ला संपतं, फॉर्म्युला म्हणतो 25. फॉर्म्युला चुकलेला नाहीये, तो सुरुवातीचा दिवस मोजतच नाही, 3 मार्चला तो पहिला दिवस धरतो.

आता यातलं बरोबर काय ते तुमच्या कामावर अवलंबून आहे. ऑर्डर संध्याकाळी कन्फर्म झाली आणि टीम दुसऱ्या दिवशी हात घालणार असेल तर 25 च बरोबर. पण टीम 2 तारखेला सकाळीच बसणार असेल तर तो दिवस धरायलाच हवा, आणि त्यासाठी एक दिवस मागून सुरुवात करायची:

```
=WORKDAY(A2-1,B2,$E$2:$E$40)
```

आता 24 मार्च येतं. एक दिवसाचाच तर फरक आहे असं म्हणून सोडून देऊ नका, कारण तो एक दिवस शुक्रवारी आला की क्लायंटला सोमवार दिसतो. याच उदाहरणात दोन्ही सुट्ट्या काढून टाका, बरोबर उत्तर शुक्रवार 20 मार्च येतं आणि साधा फॉर्म्युला देतो सोमवार 23.

ही चूक टेस्टिंगमधे का सापडत नाही त्याचं पण एक कारण आहे. सुरुवातीची तारीख सुट्टीच्या दिवशी पडली, समजा रविवार 1 मार्च, तर `A2` लिहा किंवा `A2-1` लिहा, दोन्हीकडे उत्तर 24 मार्चच येतं, कारण रविवार तसाही मोजला जाणार नव्हता. म्हणजे कुणी नेमकी सुट्टीची तारीख टाकून शीट तपासली तर ती पास होते आणि नंतर खऱ्या तारखेला एक दिवस सरकते. शीट तपासताना सोमवारची तारीख पण टाका आणि रविवारची पण.

पडताळणीसाठी `NETWORKDAYS` सोपा पडतो, कारण तो दोन्ही टोकांचे दिवस मोजतो. `C2` मधे डिलिव्हरी डेट असेल तर शेजारच्या कॉलममधे:

```
=NETWORKDAYS(A2,C2,$E$2:$E$40)=B2
```

पहिला दिवस धरायचा ठरलं असेल तर इथे `TRUE` यायला हवं. 25 मार्च असेल तर मोजणी 16 होते आणि `FALSE` दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा, हा चेक तीच सुट्टीची यादी वापरतो, त्यामुळे यादीच चुकीची असेल तर हाही आनंदाने `TRUE` म्हणेल.

एकामागून एक टास्क लावले की चूक वाढत जाते

वरचं काम तीन टप्प्यांत तोडलं, 5, 4 आणि 6 दिवस. पुढच्या टप्प्याची सुरुवात म्हणजे आधीचा संपल्यावरचा पुढचा वर्किंग डे, तो `WORKDAY(शेवट,1,सुट्ट्या)` ने बरोबर निघतो. पण प्रत्येक टप्प्याचा शेवट काढताना एक दिवस मागे जायचं राहिलं तर काय होतं बघा. पहिला टप्पा 6 ऐवजी 9 मार्चला संपतो, दुसरा 11 ला सुरू होऊन 17 ला संपतो, तिसरा 18 ला सुरू होऊन 27 ला. खरं उत्तर 24 मार्च होतं. तीन टप्पे, तीन वर्किंग डेज गेले. वीस ओळींच्या प्लॅनमधे महिनाभर तारीख पुढे गेलेली असते आणि सगळे म्हणतात एस्टिमेटच जास्त आलंय. त्यामुळे बेरीज करून एकदा पडताळा: सगळ्या टप्प्यांचे दिवस एकत्र करून पहिल्या तारखेपासून जी तारीख येते, तीच शेवटच्या ओळीत यायला पाहिजे. नाही आली तर कुठेतरी पहिला दिवस सुटतोय.

शनिवार चालू असेल तर

`WORKDAY` ला फक्त शनिवार-रविवार सुट्टी माहीत असते. दुसरं काही हवं असेल तर `WORKDAY.INTL` वापरायचा, आणि इथे दोन खड्डे आहेत.

पहिला, यात तिसरी जागा वीकेंडची आहे आणि सुट्ट्या चौथ्या जागी जातात. जुन्या फॉर्म्युल्यात नुसतं `.INTL` जोडलं आणि सुट्टीची यादी तिसऱ्या जागीच राहिली तर बिचारं प्रोग्रॅम तारखांना वीकेंडचा कोड समजायला बघतं आणि एरर देतं. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, निदान दिसतो तरी.

दुसरा खड्डा मात्र गुपचूप आहे. वीकेंड दोन प्रकारे सांगता येतो, एक तर कोड नंबरने, म्हणजे `1` म्हणजे शनिवार-रविवार, `11` म्हणजे फक्त रविवार, किंवा सात आकड्यांच्या टेक्स्टने, सोमवारपासून सुरू, `1` म्हणजे सुट्टी. म्हणून `"0000011"` म्हणजे शनिवार-रविवार आणि `"0000001"` म्हणजे फक्त रविवार. आता अवतरण चिन्हं विसरलात किंवा हा पॅटर्न एखाद्या सेलमधे नुसता टाइप केलात की पुढची शून्यं उडतात. `0000011` चं होतं `11`, म्हणजे फक्त रविवार. `0000001` चं होतं `1`, म्हणजे शनिवार-रविवार. बरोबर उलटा अर्थ, आणि एरर काही नाही! आपल्या उदाहरणात फक्त रविवार सुट्टी धरली तर डिलिव्हरी शुक्रवार 20 मार्चला येते आणि दोन दिवस धरले तर 24 ला, म्हणजे एवढ्या एका चुकीने तारीख चार दिवस पुढेमागे होते. मी तर म्हणेन साधे नंबरचे कोड वापरा, ते टाइप करताना बिघडत नाहीत:

```
=WORKDAY.INTL(A2-1,B2,11,$E$2:$E$40)
```

काही शनिवार चालू आणि काही बंद असा प्रकार असेल तर त्यासाठी वेगळा कोड नाही. अशा वेळी `11` ठेवायचं आणि बंद असलेले शनिवार सुट्ट्यांच्या यादीत टाकायचे. यादीतली एखादी सुट्टी रविवारीच आली तरी काही बिघडत नाही, दोनदा वजा होत नाही.

आणि हो, वर जो `NETWORKDAYS` चा चेक दिला तो इथे चालणार नाही, तिथेही `NETWORKDAYS.INTL` आणि तोच कोड लागेल. नाहीतर बरोबर तारखेला `FALSE` येईल आणि तुम्ही उगाच फॉर्म्युला खणत बसाल.

सुट्टीची यादी

फॉर्म्युल्यात `E2:E40` असं साधं लिहून खाली ओढलं की पुढच्या ओळीत ते `E3:E41` होतं, आणि दहाव्या ओळीपर्यंत यादीच्या वरच्या सुट्ट्या गायब. आपल्या उदाहरणात दुसऱ्याच ओळीत 10 मार्चची सुट्टी सुटते आणि तारीख एक दिवस अलीकडे येते. म्हणून मी सगळीकडे डॉलरची चिन्हं लावलीयेत, किंवा यादीला नाव देऊन ते नाव वापरा. यादीत खाली रिकामे सेल राहिले तरी चालतात.

त्याहून वाईट म्हणजे दिवस आणि महिना उलटे होणं. कॉम्प्युटरची सेटिंग महिना-आधी अशी असेल आणि तुम्ही 03/04/2026 टाइप केलं, मनात 3 एप्रिल, तर शीटमधे 4 मार्च बसतो. 14/04/2026 मात्र तारीख म्हणून घेताच येत नाही कारण चौदावा महिना नसतो, ते टेक्स्ट म्हणूनच राहतं. त्यामुळे एकाच कॉलममधे काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या की समजा घोळ झालाय, आणि उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नका. शेजारी `=TEXT(E2,"ddd d mmm yyyy")` लावा, वार आणि महिन्याचं नाव दिसलं की नजर पटकन पकडते. पेस्ट केलेल्या यादीत किती खऱ्या तारखा आहेत ते `COUNT` सांगतो, टेक्स्ट तो मोजत नाही.

वर्षाच्या शेवटी सुरू होणाऱ्या कामात आणखी एक होतं, यादी डिसेंबरपर्यंतच भरलेली असते आणि जानेवारीतल्या सुट्ट्या कुणी टाकलेल्याच नसतात. `MAX($E$2:$E$40)` जर डिलिव्हरी डेटच्या खूप आधीचा असेल तर यादी अपुरी असण्याची शक्यता जास्त, उघडून बघा.

दिवस अपूर्णांकात असतील, समजा 12.5, तर फॉर्म्युला पॉइंटच्या पुढचं कापून टाकतो आणि 12 च धरतो, म्हणजे अर्धा दिवस तुमच्या खिशातून. `ROUNDUP(B2,0)` करून द्या. उत्तर 46105 असलं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, तो तारखेचाच नंबर आहे, सेलचा फॉरमॅट डेट करा.

डिलिव्हरी ठरलेली आहे आणि सुरुवात कधी करायला हवी ते काढायचं असेल तर तोच प्रश्न उलटा येतो, तेव्हा एक दिवस मागे न जाता पुढे जायचं आणि दिवस मायनस द्यायचे:

```
=WORKDAY(C2+1,-B2,$E$2:$E$40)
```

24 मार्च आणि 15 दिवस टाकून बघा, 2 मार्च येतं. 3 आलं तर यादीतली एक सुट्टी सुटली असेल, आणि 27 फेब्रुवारी आलं तर `+1` लिहायचं राहिलंय.