इअरबड्सवर आवाज आधी आणि चित्र मागे? आधी गेम मोड बघा

ब्लूटूथवर आवाज कोडेक नावाच्या पद्धतीने आवळून, म्हणजे त्याचा डेटा लहान करून जातो, बड्समध्ये थोडा साठतो आणि मग वाजतो. एसबीसी किंवा एएसी या कोडेकवर यात 200 मिलिसेकंद सहज जातात. म्हणून व्हिडिओ अ‍ॅप चित्रही अंदाजाने तेवढंच रोखून धरतं. हा अंदाज चुकला की गडबड होते: अ‍ॅप 200 धरून थांबलं आणि बड्सना 100च लागले, तर ओठ आवाजानंतर 100 मिलिसेकंदांनी हलतात.

आधी फोनच्या स्पीकरवर तोच व्हिडिओ लावा. तिथेही फरक दिसला तर दोष फाइलचा. नसेल, तर बड्सचा गेम मोड बंद करा. तो विलंब कमी करतो, पण अ‍ॅपचा अंदाज जुनाच राहू शकतो. मग ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडा आणि अ‍ॅप नव्याने उघडा.

तरीही फरक राहिला, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये Audio delay 50-50 मिलिसेकंदांनी वाढवत न्या. टाळी वाजवणारं दृश्य लावलंत की हात जुळण्याचा क्षण नेमका पकडता येतो. आवाजच उशिरा येत असेल तर आकडा उणे करा. एलडीएसी कोडेक निवडून मात्र हा फरक जाणार नाही. तो दर्जासाठी आहे, वेगासाठी नाही.