माइल्ड स्टीलच्या टेन्साइल टेस्टचं डिस्कशन: लिहायला बसण्याआधीची तयारी

ऑब्झर्व्हेशन टेबल भरलं, ग्राफ काढला, की डिस्कशन म्हणून चार ओळी खरडून जर्नल सबमिट करण्याची घाई होते. त्या चार ओळींत ‘ह्यूमन एरर’ आणि ‘मशीन एरर’ हे शब्द ठरलेले असतात. ते लिहिण्याआधी टेबलावर काही गोष्टी मांडा. कच्च्या रीडिंगचा कागद, स्पेसिमेनचं चाचणीआधी तीन ठिकाणी मोजलेलं माप, लोड-डिस्प्लेसमेंटचा ग्राफ, आणि तुटलेले दोन्ही तुकडे. तुकडे हवेतच. बरीचशी उत्तरं त्यांच्यावर उमटलेली असतात.

समजा आकडे असे आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवर १६ मिमी बारमधून स्पेसिमेन टर्न करून घेतलाय. मधला बारीक भाग १० मिमी व्यासाचा, ६० मिमी लांब, आणि त्यावर पंच केलेली गेज लेंग्थ ५० मिमी. दोन जॉच्या मधलं एकूण अंतर १६० मिमी. यूटीएमवर लोअर यील्डला २२.६ किलोन्यूटन आणि कमाल लोड ३५.२ किलोन्यूटन मिळाला. तुकडे जुळवून मोजलेली लांबी ६४.५ मिमी. क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी धरलं तर यील्ड २८८ मेगापास्कल, अल्टिमेट ४४८ मेगापास्कल, इलोंगेशन २९ टक्के. आणि ग्राफच्या उतारावरून काढलेला यंग मॉड्युलस फक्त १५ गिगापास्कल.

सगळ्यात आधी ‘अपेक्षित’ कॉलममध्ये काय लिहिलंय ते तपासा. आयएस २०६२ मधल्या ई २५० ग्रेडला यील्ड २५०, अल्टिमेट ४१० मेगापास्कल आणि इलोंगेशन २३ टक्के दिलेलं असतं. पण या किमान मर्यादा आहेत. माल याच्या खाली जाता कामा नये, एवढाच त्यांचा अर्थ. त्यामुळे २८८ आणि २५० मधला फरक ‘१५ टक्के एरर’ म्हणून दाखवणं चूक आहे. तिथे एकच वाक्य लिहा: बार ग्रेडच्या अटी पूर्ण करतो. मॉड्युलसचं तसं नाही. तो ग्रेडवर फारसा अवलंबून नसतो, कुठल्याही साध्या पोलादाला २०० ते २१० गिगापास्कलच येतो. म्हणून या टेबलात खरी तफावत एकच आहे, १५ विरुद्ध २००. डिस्कशनची निम्मी जागा तिला द्या.

आता कारण शोधताना प्रत्येक कारणाला विचारा, तुझ्यामुळे आकडा वर जाईल की खाली, आणि किती? व्यास मोजताना ०.१ मिमीची चूक झाली असं धरा. १० मिमीवर ती एक टक्का, क्षेत्रफळात दोन टक्के, म्हणून स्ट्रेसमध्येही दोन टक्के. म्हणजे व्हर्नियरची चूक मॉड्युलसला २०० वरून फार तर १९६ वर आणेल, १५ वर कधीच नाही. लोडमध्ये तेरापट चूक असती तर यील्डही तेरापट चुकला असता. तो तर नीट आलाय. म्हणजे लोड बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, उरलं ते लांबीचं रीडिंग. हा युक्तिवाद डिस्कशनमध्ये याच क्रमाने लिहा. परीक्षकाला तुम्ही कारण पाठ केलंय की शोधलंय, हे इथे कळतं.

लांबीचं रीडिंग कुठून घेतलं ते पाहा. एक्स्टेन्सोमीटर न लावता मशीनच्या स्केलवरून किंवा क्रॉसहेडच्या एन्कोडरवरून घेतलं असेल तर गणित मांडून बसा. ग्राफचा सुरुवातीचा वाकडा भाग सोडा, तिथे जॉ बसत असतात. ८ ते १८ किलोन्यूटन हा सरळ तुकडा घ्या. या १० किलोन्यूटनमध्ये डिस्प्लेसमेंट ०.४२ मिमी वाढलं. ते सगळं ५० मिमी गेज लेंग्थचं मानलं म्हणून १५ गिगापास्कल आले. प्रत्यक्षात २०० गिगापास्कलच्या पोलादाची ५० मिमी लांबी १० किलोन्यूटनला ०.०३२ मिमीच ताणते. बारीक भागाचे उरलेले १० मिमी आणि दोन्ही बाजूंच्या जाड भागाचे १०० मिमी धरले तरी जॉमधला अख्खा पीस ०.०६३ मिमीच्या पुढे जात नाही. राहिलेले सुमारे ०.३६ मिमी पोलादाचे नाहीतच. जॉचे दात बारमध्ये रुततात, वेज सरकून घट्ट बसतात, स्क्रू आणि कॉलम किंचित ताणतात, त्या सगळ्याचे ते आहेत.

पुरावा तुकड्यांच्या टोकांवर मिळतो. दातांचे ठसे स्वच्छ, एकेक सुटे दिसत असतील तर जॉ फक्त रुतलेत. ठसे लांबट, ओढल्यासारखे असतील तर बार सरकलाय, आणि मग ग्राफवरही त्या जागी छोटी पायरी दिसायला हवी. दोन्ही जुळलं तर लिहा, नाहीतर ‘स्लिप’ हा शब्द वापरू नका. मिल स्केलचा पोपडा न काढता काळा बार तसाच पकडला असेल तर सरकण्याची शक्यता जास्त, कारण दात पोलादाऐवजी पोपड्यावर बसतात.

लॅब उघडी असेल आणि सरांनी परवानगी दिली तर अजून एक छोटी चाचणी करा. त्याच जॉमध्ये बसणारा २० मिमीचा सरळ बार तेवढ्याच अंतरावर पकडून १८ किलोन्यूटनपर्यंत न्या. ८ ते १८ मध्ये तो स्वतः ०.०२५ मिमीच ताणेल. तरीही मशीनने ०.३८ च्या आसपास दाखवलं तर ०.३६ मिमी मशीनचे हे तुम्ही मोजून सिद्ध केलंत. पण इथे एक मोह आवरा. ०.४२ मधून ०.३६ वजा करून ‘दुरुस्त मॉड्युलस’ म्हणून आकडा छापू नका. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत ०.०१ मिमी इकडेतिकडे झालं तरी उत्तर १८० पासून २५२ पर्यंत हलतं. ही वजाबाकी कारण पटवते, मॉड्युलस देत नाही. आणि पुस्तकातले २०० धरून मशीनचा ताण काढायचा, मग तोच वजा करून २०० आले म्हणायचं, हे तर गोल फिरणं झालं.

एक्स्टेन्सोमीटर लावला होता आणि तरीही मॉड्युलस १६० किंवा २५० आला, तर त्याचा लीस्ट काउंट पाहा. ०.०१ मिमीच्या डायलवर ०.०३२ मिमी म्हणजे जेमतेम तीन घरं. एका घराची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. ०.००१ मिमीचा असेल तर तीच चूक तीन टक्के. हे एका ओळीत, आकड्यासह लिहा.

यील्डबद्दल वेगळं पाहावं लागतं. काही ग्रुपच्या ग्राफवर यील्डची पायरीच नसते, काटा थबकत नाही, वक्र गुळगुळीत वर जातो. यील्ड ४३० च्या घरात, अल्टिमेट ५२० आणि इलोंगेशन १४ टक्के असं काहीतरी येतं. ताकद वाढलेली आणि इलोंगेशन घटलेलं, दोन्ही एकाच वेळी. ही मोजण्यातली चूक नाही, ही थंड ओढलेल्या ब्राइट बारची खूण आहे. टर्निंगवाल्याला चकचकीत, मापात आलेला ब्राइट बार सोयीचा पडतो, ‘एमएस’ म्हणून तोही चालतो, आणि विकत घेताना कुणी विचारत नाही. बिलावर काय लिहिलंय ते बघा, टर्नरला विचारा. उरलेल्या बारचा तुकडा मफल फर्नेसमध्ये ९०० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवून हवेत गार करा आणि परत ताणा. पायरी परत आली की कारण पक्कं. अशा बारसाठी यील्ड पॉइंट न लिहिता ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस लिहायचा, आणि त्यासाठी एक्स्टेन्सोमीटर लागतोच. क्रॉसहेडच्या ग्राफवर ०.२ टक्क्यांची रेघ मारली तर ती कुठेही जाऊन टेकते.

पायरी आहे पण अपर यील्ड शेजारच्या ग्रुपपेक्षा वीसेक मेगापास्कलने वेगळा असेल तर घाबरू नका. लोड भराभर दिला तर तो वर जातो, बार तिरका पकडला गेला तर खाली येतो किंवा दिसतच नाही. लोअर यील्ड त्यामानाने स्थिर असतो, तुलना त्याचीच करा.

इलोंगेशन कमी आलं की ‘मटेरियल ब्रिटल आहे’ असं लिहून टाकतात. आधी गेज लेंग्थ पाहा. आपल्या पीसमध्ये सगळीकडे सारखा १८ टक्के ताण बसला आणि नेकने एकटीने ५.५ मिमी भर घातली असं धरा. ५० मिमीवर ९ अधिक ५.५ म्हणजे २९ टक्के. त्याच बारवर १०० मिमीच्या खुणा असत्या तर १८ अधिक ५.५, म्हणजे २३.५ टक्के. पोलाद तेच, आकडा वेगळा. म्हणून टक्क्यांशेजारी गेज लेंग्थ लिहिल्याशिवाय तुलना करू नका. दुसरं, पीस कुठे तुटला? तुटलेली जागा जवळच्या पंचखुणेपासून गेज लेंग्थच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा, इथे साधारण १७ मिमीपेक्षा, जवळ असेल तर नेकचा काही भाग खुणेबाहेर राहतो आणि इलोंगेशन कमी मोजलं जातं. ते अंतर स्केलने मोजून द्या.

हे सगळं हाताशी आलं की मॉड्युलसचा परिच्छेद साधारण असा उतरतो. जर्नल इंग्रजीत असलं तरी आधी मराठीत जुळवून पाहा, पोकळ वाक्य लगेच कळतं. ‘मोजलेला मॉड्युलस १५ गिगापास्कल आला, अपेक्षित २०० होता. यील्ड आणि अल्टिमेट ग्रेडच्या मर्यादेत असल्याने लोड व क्षेत्रफळ हे कारण नाही. विस्थापन क्रॉसहेडवरून घेतले होते. ८ ते १८ किलोन्यूटनमधल्या ०.४२ मिमीपैकी स्पेसिमेनचे गणिती विस्थापन ०.०६३ मिमी आहे. उरलेले पकडीचे व मशीनचे आहे. टोकांवर दातांचे सुटे ठसे आहेत, सरकल्याची खूण नाही. या ग्राफवरून मॉड्युलस काढता येत नाही, त्यासाठी ०.००१ मिमीचा एक्स्टेन्सोमीटर लागेल.’

तुकडे व्हायवापर्यंत जपा. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत तुटलेला ताजा पृष्ठभाग लवकर तांबूस होतो आणि कप-कोनची कड व मधला खडबडीत भाग ओळखू येत नाही. तेलाचा हात फिरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, वर ग्रुप नंबर आणि तारीख टाका, आणि तुटलेली तोंडं पुन्हा पुन्हा जुळवून घासू नका.